वर्गात मुलाचं लक्ष नसतं हे मी आणि सहकारी बाई दोघी नोंदवतो, पण आकडे जुळतच नाहीत, काय करू?

आधी 'लक्ष नाही'ची व्याख्या डोळ्यांना दिसेल अशी लिहा, उदा. नजर फळा, वही किंवा बाईंवर नाही, आणि मग दर २० सेकंदांनी फोन व्हायब्रेट झाला की फक्त त्या क्षणी जे दिसलं तेच टिक करा. मधलं काही धरायचं नाही, कारण 'मध्ये कधीही दिसलं तर टिक' केलं की प्रमाण फुगतं. २० मिनिटांत ६० चौकटी होतात, दोघींच्या ५१ जुळल्या तर ८५ टक्के, साधारण ८० च्या वर चालतं (एकमेकींच्या कागदात डोकावायचं नाही हां!). पण मारणं, ओरडणं असं क्वचित आणि झटक्यात होणारं यात निसटतं, ते सरळ प्रत्येक वेळी मोजा.