गाजराच्या पाकिटावरची १४ इंच खोली आणि न पडणारा बर्फ

प्रश्न: परदेशातल्या नणंदेने गाजराचं बी पाठवलंय. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो भाच्याला दिला, त्याने मराठी करून दिलं: 'शेवटच्या बर्फाच्या २ ते ४ आठवडे आधी पेरा. खोली १४ इंच. पातळ पेरा. २ इंच पातळ करा. ओळी १२ इंच. मातीचं तापमान ५५ ते ७५. उगवण १४ ते २१ दिवस. तयार ७० दिवस.' गाजराचं बी १४ इंच खोल? माझ्याकडे दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि फूटभर खोल लाकडी खोकं आहे. आमच्याकडे बर्फ कधीच पडत नाही. मग पेरू कधी आणि कसं?

उत्तर:

भाच्याला रागावू नका, त्याने दिसलं तसं लिहिलं. फोटो मोठा करून पाहिलात तर १ आणि ४ यांच्यामधून पाकिटाची घडी गेलेली दिसेल. त्या घडीत तिरकी रेघ बुडाली आहे. मूळ आकडा १/४, म्हणजे पाव इंच. चकचकीत कागदावर असं फार होतं. पाकीट सपाट ताणून, खिडकीच्या बाजूला धरून, थोडं तिरकं करून दुसरा फोटो काढा म्हणजे रेघ दिसेल. तोवर शंका असेल तर बियाकडे बघायचं. बी स्वतःच्या जाडीच्या दोन ते तीन पट खोल जातं, हा ढोबळ हिशेब बहुतेक भाज्यांना चालतो. गाजराचं बी जेमतेम एक मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे १४ इंच शक्यच नाही. उलट या हिशेबाने ३ मिलिमीटरच येतात. पाकीट पाव इंच म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर सांगतं, कारण मातीचा अगदी वरचा थर लवकर सुकतो आणि गाजर उगवायला वेळ घेतं.

हा आकडा लिहून ठेवताना 'पाव इंच, ६ मिमी' असाच लिहा. ०.६ सेंमी लिहिलंत तर टिंब पुसल्यावर त्याचे ६ सेंमी होतात आणि पुढच्या हंगामात पुन्हा हाच घोळ. मोजायला पट्टीच्या टोकापासून पाव इंचावर पेनने खूण करा, खुणेपर्यंत पट्टी मातीत दाबत नेली की हवी तेवढीच चरी पडते. बोटाने चरी पाडू नका, बोट नेहमी जास्त खोल जातं.

आता 'पातळ'. इंग्रजीत एकच शब्द दोन ठिकाणी आल्यामुळे भाच्याने दोन्हीकडे पातळ लिहिलं, पण ती दोन वेगळी कामं आहेत आणि वेगळ्या दिवशी करायची आहेत. पहिलं पेरतानाचं: बी विरळ टाका, चिमटीतून एका जागी गठ्ठा पडू देऊ नका. बी बारीक असल्याने ते जमत नसेल तर दोन-तीन पट कोरड्या वाळूत मिसळून चरीत सोडा. दुसरं आहे विरळणी. रोपं दोनेक इंच उंच झाली, त्यांना झालरीसारखं पान आलं, की मधली रोपं काढून शेजारच्या दोन रोपांत २ इंच राहतील असं करायचं. म्हणजे २ इंच हे विरळणीनंतरचं अंतर आहे. पेरतानाच दर २ इंचांवर एकेक बी ठेवलंत तर न उगवलेल्या बियांच्या जागा मोकळ्या राहतील.

विरळणी उपटून न करता लहान कात्रीने जमिनीलगत कापून करा. उपटलं की शेजारच्या रोपाची मुळी हलते, आणि गाजरात तीच मुळी पुढे खायची असते. विरळणी टाळली तर पाला भरपूर येतो, म्हणून सगळं छान चाललंय असं वाटतं. खाली मात्र पेन्सिलीएवढी, एकमेकांना पीळ घातलेली गाजरं निघतात.

ओळींमधले १२ इंच हा जमिनीवरच्या वाफ्यांचा आकडा आहे. दोन ओळींमध्ये पाय ठेवायला आणि खुरपं फिरवायला जागा हवी, म्हणून ते अंतर ठेवतात, झाडाची गरज तेवढी नसते. तुम्ही खोक्याच्या बाहेर उभं राहून काम करणार, म्हणून ते १२ इंच पाळलेत तर खोक्यात एक किंवा फार तर दोन ओळी बसतील आणि बाकी माती रिकामी राहील. लांबीच्या दिशेने तीन ओळी घ्या: एका कडेपासून २ इंचांवर पहिली, ६ इंचांवर दुसरी, १० इंचांवर तिसरी. दोन ओळींत ४ इंच मिळतात, हवा खेळती राहते आणि कात्रीही आत जाते. दोन फुटांच्या ओळीत २ इंचांच्या अंतराने साधारण डझनभर रोपं राहतात, म्हणजे खोक्यात पस्तीसेक गाजरं. रोपांमधले २ इंच मात्र कमी करू नका, ती गाजराची स्वतःची जागा आहे. लांब जातीच्या गाजराला फूटभर सैल माती लागते. तुमचं खोकं तेवढंच खोल असल्याने ते वरपर्यंत भरा, खडे आणि ढेकळं काढून. मुळी खड्याला अडली की गाजर दोन पायांचं होतं.

तापमानाच्या ५५ ते ७५ मागे एक अक्षर कापलं गेलंय. ते फॅरनहाइट आहे. ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा: सुमारे १३ ते २४ अंश सेल्सिअस येतात. हे मातीचं तापमान, हवेचं नव्हे. साधा तापमापक सकाळी दोन इंच मातीत खुपसून पाच मिनिटांनी वाचा.

उगवणीचे १४ ते २१ दिवस त्या थंड मातीसाठी आहेत. गाजराचं बी १० अंशांच्या मातीत दोन-अडीच आठवडे घेतं, २० अंशांत आठवडाभर, २५ ते ३० अंशांत सहा-सात दिवस. ३५ अंशांच्या आसपास गाडी पुन्हा मंदावते आणि बरंच बी उगवतच नाही. तुमची माती २५ अंशांवर असेल तर आठव्या दिवशी हिरवं दिसल्यावर 'हे तण असणार' म्हणून उपटू नका. पहिली दोन पानं गवतासारखी लांब, अरुंद असतात. इथे घाई केलेले पुष्कळ लोक मी पाहिलेत.

उरला हंगाम. हा भाग शब्दाला शब्द ठेवून तुमच्या कामाचा होणार नाही. पाकिटावरचा तो 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडणारा बर्फ नाही, तर पारा शून्याखाली गेल्यामुळे पहाटे पानांवर दंव गोठतं ती थंडी. जिथे हिवाळा कडक असतो तिथे वसंतातल्या अशा शेवटच्या रात्रीची सरासरी तारीख माहीत असते, आणि तिथले लोक सगळी पेरणी त्या तारखेपासून पुढे-मागे मोजतात. टोमॅटोसारखं नाजूक रोप त्या रात्रीनंतरच बाहेर लावतात. गाजराला आधी पेरायला सांगितलंय, यावरून दोन गोष्टी कळतात. गाजराची रोपं हलकं दंव सोसतात, आणि त्यांना वाढायला थंड दिवस हवे असतात. उन्हाळा तापायच्या आत ७० दिवस पुरे व्हावेत म्हणून ती घाई आहे.

तुमच्याकडे दंव गोठत नाही, तर या ओळीतलं कारण घ्या आणि तारीख सोडून द्या. गाजराची मुळी १५ ते २१ अंशांच्या आसपास चांगली भरते. त्याहून बरंच तापलं की ती आखूड राहते, रंग फिका पडतो आणि चव उग्र होते. म्हणून तुमच्यासाठी त्या ओळीचं मराठी असं: 'उष्मा ओसरून थंडी सुरू होताना पेरा, आणि पुन्हा उष्मा येण्याआधी गाजर काढून व्हायला हवं.' थंड देशात वसंतात असणारी हवा उष्ण प्रदेशात हिवाळ्यात असते. पाकिटावर मार्च-एप्रिल छापलं असतं तर तेही तसंच उचलून चाललं नसतं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला तर तेच महिने शरद ऋतूचे असतात.

तारीख काढायची तर उलटं मोजा. तुमच्याकडे दुपारी उकडायला लागतं तो आठवडा धरा. तिथून मागे ७० दिवस जा. हे दिवस कुणी पेरणीपासून मोजतं, कुणी उगवणीपासून, म्हणून अजून २० दिवस जोडा. म्हणजे उष्म्याच्या साधारण तीन महिने आधीची ती तारीख, पेरणीची शेवटची. पहिली तारीख मातीच सांगेल: सकाळचं तापमान सलग काही दिवस २५ च्या आत आलं की पेरा. या दोन तारखांमध्ये अंतर बरं असेल तर एकेक ओळ तीन आठवड्यांच्या फरकाने पेरा, सगळी गाजरं एकदम निघणार नाहीत. आणि दोन तारखांमध्ये अंतरच उरत नसेल, म्हणजे थंडी फारच थोडे दिवस टिकत असेल, तर या जातीला तुमच्याकडे जागा नाही. आखूड, लवकर येणारी जात बघा.

भाच्याच्या कागदावर आता असं लिहा: 'उष्मा ओसरल्यावर, माती १३ ते २४ अंश असताना पेरा. चरी पाव इंच खोल (६ मिमी). बी विरळ टाका. रोपं दोन इंच उंच झाली की विरळणी, दोन रोपांत २ इंच. ओळी खोक्यात ४ इंचांवर (पाकिटावर १२). उगवण माती थंड असेल तर १४ ते २१ दिवस, उबदार असेल तर लवकर. तयार सुमारे ७० दिवस.' पाकिटावरचा १२ कंसात ठेवला, कारण पुढे कधी जमिनीवर वाफा केलात तर तो लागेल. फोटोत सर्वांत खाली अजून एक ओळ अर्धी दिसते, बहुधा पॅकिंगचं वर्ष. ते वाचता येत नसेल तर अंदाजाने भरू नका, नणंदेला विचारा. गाजराचं बी नीट कोरडं ठेवलं तर साधारण तीन वर्षं टिकतं, त्यामुळे त्या एका आकड्यावर किती दाट पेरायचं ते ठरेल.

पेरल्यावर माती दाबून बसवू नका, नुसती हाताने थोपटा. पाणी झारीने, अगदी बारीक धारेने द्या, नाहीतर बी वाहून खोक्याच्या एका टोकाला गोळा होतं आणि तिथेच दाटी करून उगवतं. वरचा थर रोज ओलसर राहायला हवा. एकदा सुकून त्याची पापडी धरली की कोंब खालूनच वाकडा होतो. वर चाळलेलं कंपोस्ट किंवा जाड वाळू पसरली तर पापडी धरत नाही. तीन आठवडे उलटूनही काही वर आलं नाही, तर ओळीतला बोटभर तुकडा हळूच उकरून बघा. पांढरे, वाकलेले कोंब दिसले तर बी खोल गेलंय किंवा वर पापडी आहे. ती नखाने अलगद फोडा आणि पाणी शिंपडा. बी जसंच्या तसं कडक असेल तर ओल पुरली नाही. आणि बोटात मऊ लागून फुटत असेल तर ते कुजलंय, ती ओळ पुन्हा पेरा.