लोहाची गोळी चहासोबत नको

हिमोग्लोबिन ९ आलंय आणि डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली आहे, तर आधी चहाची वेळ बघा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, मग ते आतड्यातून रक्तात कमी जातं. सकाळी सातला चहा लागतोच ना? मग गोळी अकराच्या सुमारास, जेवणाआधी तासभर, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जायला मदत होते. दूध आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा.

शौचाला काळपट-हिरवट होईल. ते न शोषलेलं लोह, घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट, फार घाण वासाचं झालं किंवा रक्त दिसलं, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

मळमळलं तर गोळी जेवणानंतर घ्या. शोषण थोडं घटतं, पण गोळी सुटण्यापेक्षा ते बरं. तरीही जमेना, तर दिवसाआड चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बद्धकोष्ठासाठी पाणी आणि भाज्या वाढवा.

महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक-दोनने चढायला हवं. ते नॉर्मल झालं तरी शरीरातला साठा भरायला अजून सुमारे तीन महिने गोळी लागते. अनेक जण नेमके हिमोग्लोबिन नॉर्मल झालं की थांबतात. आणि डबी लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, जास्त गोळ्या त्यांच्या जिवावर बेततात.