सर, मॅडम आणि आडनाव

इंग्रजी ईमेलमध्ये तुझी गल्लत 'सर' आणि नाव एकत्र जोडण्यात होतेय. मराठीत आपण 'पाटील सर' म्हणतो, ते अगदी बरोबर. पण इंग्रजीत 'डिअर सर' हे स्वतंत्र संबोधन आहे, त्याला नाव चिकटवायचं नाही. 'सर जॉन' असं लिहिलंस, तर ती ब्रिटिश नाइटहूडची पदवी होते!

समज, तुला प्राध्यापक मेरी ब्राउन यांना लिहायचंय. 'रिस्पेक्टेड मॅडम मेरी' नको, 'डिअर प्रोफेसर ब्राउन' लिही. 'प्रोफेसर', 'डॉक्टर' अशी पदवी आडनावाला लागते, पहिल्या नावाला नाही. पीएचडी असेल तर 'डिअर डॉक्टर ब्राउन', आणि पदवी माहीत नसेल तर 'मिझ ब्राउन'. 'मिसेस' मात्र त्या स्वतः लावत असतील तरच, कारण त्यात लग्न गृहीत धरलं जातं. व्यक्ती स्त्री की पुरुष हे कळत नसेल तर अंदाज बांधू नकोस. सरळ पूर्ण नाव लिही, जसं 'डिअर अ‍ॅलेक्स ब्राउन'. ते सहसा चुकत नाही.

'रिस्पेक्टेड सर' भारतात चालतं, परदेशी वाचकाला मात्र ते अवघडलेलं वाटतं. आदर 'डिअर'मध्ये आलेलाच असतो.

शेवटही संबोधनाशी जुळव. ब्रिटिश पद्धतीत 'डिअर सर'ला 'युअर्स फेथफुली', आडनाव घेतलं असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'.

उत्तर आलं की खालची सही बघ. नुसतं 'मेरी' लिहिलं असेल, तर पुढच्या ईमेलला 'डिअर मेरी' लिहायला हरकत नाही. तोवर आडनावच.