तेलाची गुळणी, कडुलिंबाची काडी आणि हिरड्यांतलं रक्त

प्रश्न: हिरड्यांतून रक्त येतं. कोल्हापुरात आमच्या घरी खोबरेल तेलाची गुळणी, कडुलिंबाची काडी आणि हर्बल पेस्ट चालते. एवढ्यावर भागेल का?

उत्तर: नाही भागणार. रक्त बहुतेकदा हिरडीच्या कडेला साचलेल्या मऊ थरामुळे येतं. हा थर रोज निघाला नाही, तर त्याचं कीटण होतं आणि ते ना तेलानं निघतं ना काडीनं. दंतवैद्याकडून काढूनच घ्यावं लागतं.

तेलाच्या गुळणीनं थर आणि हिरड्यांची सूज थोडी कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण ते अभ्यास थोड्या दिवसांचे होते, आणि गुळणी ब्रशची जागा घेते असं त्यांतून सिद्ध होत नाही. करायचीच तर ब्रशसोबत करा आणि तेल गिळू नका. कडुलिंबाचा रस जंतूंना रोखतो, शिवाय काडीचा कुंचला बाहेरची बाजू घासतो. अडतं ते दाढांच्या आतल्या बाजूला आणि फटींत. जोर लावला तर हिरडी सोलते.

पेस्टबाबत मी जास्त आग्रही आहे. कीड रोखण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा फ्लोराइडचा आहे आणि बऱ्याच हर्बल पेस्टमध्ये ते नसतंच. वेष्टनावर सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट किंवा सोडियम फ्लोराइड लिहिलंय का, ते बघा. मोठ्यांसाठी साधारण 1000 पीपीएम हवं.

घरात कुणी मशेरी लावत असेल तर ती आधी बंद करा. तंबाखूमुळे हिरड्यांतलं रक्त कमी दिसतं आणि आजार आत वाढत राहतो. मऊ ब्रशनं दोन वेळा घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर दंतवैद्याला दाखवा.