दोन बिअर आणि बोर्डिंग गेट

प्रश्न: धाकट्या भावाला गोव्याहून पुण्याला येताना गेटवरून परत पाठवलं. म्हणे दारू प्यायलाय. दोनच बिअर झाल्या होत्या आणि मशीन लावून तपासलंही नाही. असं करता येतं का? तिकिटाचे पैसे मिळतील का?

उत्तर:

करता येतं, आणि मशीन लागत नाही. मी नऊ वर्षं गोव्यात विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये काढली, त्यातली बरीचशी गेटवर. "मशीन आणा, आत्ता फुंकून दाखवतो" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकायचो. ते फुंकायचं यंत्र वैमानिक आणि केबिन क्रूसाठी असतं. गाडी चालवणाऱ्याला १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी कायद्याची रेघ आहे, तशी विमानातल्या प्रवाशासाठी आखलेलीच नाही. अमेरिकेतही नियमाचे शब्द असेच आहेत: जो नशेत ‘दिसतो’ त्याला विमान कंपनीने आत घेऊ नये. किती प्यायला हा प्रश्नच नाही, कसा दिसतो हा आहे. ब्रिटनमध्ये तर दारूच्या नशेत विमानात पाऊल टाकणं हाच गुन्हा.

मग ठरवतो कोण? नुसत्या वासावर कोणी कोणाला अडवत नाही. तसं केलं तर गोव्याची रविवार रात्रीची विमानं निम्मी रिकामी जातील. गेटवरचा मुलगा बोर्डिंग पास हातात घेतो तेव्हा तो माणसाकडे बघत असतो. पास आणि ओळखपत्र खिशातून नीट निघतं का, रांगेत पाय स्थिर आहेत का, एक साधी गोष्ट सांगितली तर ती दुसऱ्यांदा सांगावी लागते का. शंका आली की तो स्वतः निर्णय घेत नाही, शिफ्ट इनचार्जला बोलावतो. मी इनचार्ज असताना माणसाला रांगेतून बाजूला घ्यायचो आणि दोनच गोष्टी विचारायचो: सोबत कोण आहे आणि चेक-इनला बॅग किती दिल्या. उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं ते बघायचं. सरळ उत्तर दिलं तर नव्वद टक्के काम झालं, जा बाबा. पण "तुला काय करायचंय" असं आलं की माझा हात वॉकीटॉकीकडे जायचा. मग कॅप्टनला कळवायचं. तो नको म्हणाला की विषय संपला. आरडाओरडा झाला तर सीआयएसएफचे जवान येतात. तिकडे खाली लोडर त्या माणसाची बॅग शोधायला लागतात, कारण माणूस उतरला की बॅगही उतरवावी लागते. आमच्या भाषेत याला ‘ऑफलोड’ म्हणतात.

आता तुमच्या भावाच्या दोन बिअर. त्या कधी घेतल्या ते त्याला विचारा. दारूचा पूर्ण अंमल साधारण अर्ध्या ते एका तासाने येतो. सिक्युरिटी झाल्यावर बारमध्ये बसून घाईघाईत दोन मोठे ग्लास संपवले, तर गेटवर माणूस ठीक वाटतो आणि विमान वर गेल्यावर चढते. त्यात केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी इतकी विरळ. रक्तातली दारू त्याने वाढत नाही, पण ऑक्सिजन कमी मिळाल्यामुळे तीच दारू जास्त भोवते. म्हणजे गेटवरचा माणूस आत्ताचा भाऊ बघत नसतो, पाऊण तासानंतरचा बघत असतो. पुण्याचं अंतर लहान आहे हे खरं, पण पट्टे लावून बसवलेल्या दीडशे माणसांत एकाने गोंधळ घातला तर त्याला खाली सोडायची सोय नसते. शिवाय विमानाची रचना मंजूर होताना निम्मीच दारं वापरून सगळे ९० सेकंदांत बाहेर पडतात हे दाखवावं लागतं. त्या हिशेबात अडखळणारा, किंवा झोपलेला आणि हलवून न उठणारा माणूस बसत नाही. तो एकही शब्द न बोलता बसला असला तरी.

चुका होतात का? होतात, आणि एक माझ्या हातून होता होता राहिली. साठीचे एक काका, मुंबईचं सकाळचं विमान. घामाघूम, जीभ जड, बोर्डिंग पास हातात असून खिशात शोधत होते. माझ्या ज्युनियरने मला डोळ्यानेच खूण केली, ऑफलोड. मीही तेच समजलो होतो. पण वास येत नव्हता आणि काका भांडत नव्हते, नुसते गोंधळले होते. विमानतळावरच्या डॉक्टरांना बोलावलं. साखर ४६ निघाली. इन्सुलिन घेऊन नाश्ता न करता निघाले होते. फ्रूटीचं एक खोकं पोटात गेल्यावर पंधरा मिनिटांत माणूस व्यवस्थित बोलायला लागला. डॉक्टरांनी त्या विमानाने मात्र जाऊ दिलं नाही, आम्ही त्यांना दुपारच्या विमानात बसवलं. उड्डाणाला अयोग्य ते तेव्हाही होतेच, फक्त कारण वेगळं. लकव्याचा झटका, अपस्मारानंतरची गुंगी, झोपेची गोळी, सगळं लांबून दारूसारखंच दिसतं. म्हणून भावाला असं काही असेल, किंवा तो खरंच प्यायला नसेल, तर दोन गोष्टी त्याच वेळी करायच्या होत्या: डॉक्टरांना बोलवा म्हणायचं आणि कारण लेखी मागायचं. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या सर्टिफिकेटला काही अर्थ राहत नाही.

काळ्या यादीची भीती असेल तर तो वेगळा रस्ता आहे. २०१७ च्या मार्चमध्ये उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी दिल्लीत एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारलं, कंपन्यांनी त्यांच्यावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने बंदीचे नियम आणले. (दारूचा तिथे संबंध नव्हता.) त्यात तीन पायऱ्या केल्या: शिवीगाळ, हातवारे आणि दारू पिऊन गोंधळ याला तीन महिन्यांपर्यंत, धक्काबुक्की किंवा नको तिथे हात लावणं याला सहा महिन्यांपर्यंत, आणि जिवावर बेतणाऱ्या प्रकाराला किमान दोन वर्षं. निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती हे ठरवते. गेटवर अडवलं आणि माणूस मुकाट मागे फिरला, तर माझ्या अनुभवात प्रकरण तिथेच संपतं. कागद हलायला लागतो तो शिव्या दिल्यावर किंवा कर्मचाऱ्याला हात लावल्यावर. भाऊ नेमका काय बोलला ते त्याच्या मित्रांकडून काढून घ्या, त्याच्याकडून नको.

पैशांचं म्हणाल तर गेटवर नाकारल्याची जी भरपाई लोक ऐकून असतात, ती कंपनीने जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली तर मिळते. नशेच्या कारणाने नाकारलं तर ती लागू नाही, आणि मूळ भाडंही सहसा बुडतं, कारण तिकिटाच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. पण प्रवास न झालेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं. हे कोणी आपणहून सांगत नाही. पीएनआर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर टाका किंवा एजंटकडून तिकीट काढलं असेल तर त्याच्या मागे लागा. रक्कम काही शेकड्यांतच असेल. अडवणूक चुकीची होती असं ठामपणे वाटत असेल तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग सरकारचं एअरसेवा पोर्टल, आणि त्यानेही झालं नाही तर ग्राहक आयोग. तिथे त्या वेळचं सीसीटीव्ही उपयोगी पडू शकतं, पण ते फार दिवस ठेवत नाहीत. मागायचं असेल तर याच आठवड्यात लेखी मागा.