फिल्म एडिटिंगमधले असेंब्ली, रफ कट, फाइन कट, पिक्चर लॉक: प्रत्येक टप्प्यात नेमकं काय बदलतं?

असेंब्लीत सगळे सीन पटकथेच्या क्रमाने नुसते जोडलेले असतात. लांबी दीडपट भरली तरी घाबरू नका. रफ कटमध्ये रचना ठरते, म्हणजे सीन उडतात, पुढेमागे होतात. फाइन कटमध्ये काम फ्रेमवर येतं: संवाद संपण्याआधीच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जायचं का, पॉज किती ठेवायचा.

पिक्चर लॉकनंतर लांबी बदलायची नाही, कारण साउंड, संगीत, रंगांचं ग्रेडिंग त्याच टाइमकोडवर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेल्या वेळेच्या आकड्यावर चालतं. सुरुवातीच्या सीनमधून १२ फ्रेम काढल्या, तर सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाला पुढचा सगळा आवाज अर्धा सेकंद उशिरा येतो आणि ओठ जुळत नाहीत. बदल करावाच लागला तर नव्या व्हिडिओसोबत चेंज लिस्ट, म्हणजे कुठे काय बदललं याची यादीही पाठवा, नाहीतर साउंड एडिटरला एकेक कट हाताने शोधावा लागतो.