मनमाडचे खोरे गोदावरी की तापी? ओढ्याच्या वाटेने शोध घ्या

प्रश्न : आमची शेती मनमाडजवळ आहे. शहराला पाणी पालखेडच्या कालव्यावरून मिळते, मग आमचे खोरे गोदावरी धरायचे का? एखादे गाव कोणत्या खोऱ्यात आहे हे कसे ओळखावे?

उत्तर : मनमाड तापीच्या खोऱ्यात येते. शहरातून वाहणारी पांझण गिरणेला मिळते आणि गिरणा पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. पालखेड धरण मात्र दिंडोरी तालुक्यात कादवेवर, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यात आहे. कालव्याने किंवा जलवाहिनीने आणलेले पाणी डोंगर ओलांडून जाऊ शकते. म्हणून नळाला पाणी कोठून येते यावरून खोरे ठरवू नये. आपल्या जमिनीवर पडलेला पाऊस कोणत्या नदीला जातो, यावरूनच ते ठरते.

नाशिक जिल्ह्यात ही विभागणी प्रामुख्याने दोन डोंगररांगांनी केली आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेस सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर व इगतपुरीचा काही भाग येतो. तेथील पार, दमणगंगा, वैतरणा या नद्या अरबी समुद्राकडे जातात. सह्याद्रीच्या पूर्वेस सातमाळ्याची रांग जलविभाजक ठरते. तिच्या उत्तरेस कळवण, सटाणा, देवळा, मालेगाव हा गिरणेचा प्रदेश आहे, तर दक्षिणेस दिंडोरी, निफाड, येवला हा गोदावरीचा. चांदवडसारखा तालुका या रांगेच्या दोन्ही अंगांना पसरलेला असल्याने केवळ तालुक्याच्या नावावरून खोरे सांगता येत नाही.

आपल्या गावासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलदर्शक नकाशा घ्यावा. शेताजवळचा ओढा शोधून त्याच्या रेषेवर पेन्सिल ठेवावी आणि तो ज्या नाल्याला, नाला ज्या नदीला मिळतो तिथपर्यंत, मोठ्या नदीचे नाव येईपर्यंत जावे. प्रवाहाची दिशा कळत नसेल तर समोच्च रेषांवरील उंचीचे आकडे पाहावेत. ओढा ओलांडताना त्या रेषा टोकदार होतात आणि ते टोक नेहमी उगमाकडे असते. मनमाडपासून अशी पेन्सिल फिरवली की ती पांझण, गिरणा, तापी अशी जाते. परंतु दक्षिणेस अनकाई-टंकाईच्या पलीकडच्या उतारावरून निघाल्यास ती गोदावरीकडे वळते. अंतर थोडे, पण दोन्ही पाणी अखेर वेगवेगळ्या समुद्रांना मिळते.

नकाशावर सर्वांत जवळ दिसणारी मोठी नदी हीच आपली, असे धरण्याची चूक वारंवार होते. मधला कडा किंवा साधी टेकडीसुद्धा पाणी उलट दिशेला लोटते, हे लक्षात असू द्यावे. आपले शेत नेमके माथ्यावर असेल तर एकाच गटाच्या दोन बांधांचे पाणी दोन खोऱ्यांत जाऊ शकते. अशा वेळी जोरदार पावसात स्वतः बांधावर उभे राहून पाणी कोणीकडे ओघळते ते पाहावे, आणि शेततळ्याच्या किंवा बांधबंदिस्तीच्या अर्जात तोच उतार नोंदवावा.